31 मुलं, 10 टॅब आणि धरणाचा एक प्रश्न

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग बसमध्ये ऐकत असाल तर चालेल, पण अधेमधे एखादा प्रश्न येईल, तेव्हा थांबून उत्तर मनात ठरवा. ऐकायला वेळ नसेल तर नेहमीप्रमाणे खाली सगळं लिहून दिलंय.

मी मुळशी तालुक्यातल्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. पौडच्या पुढे गेलं की पावसाळ्यात आमच्याकडे दोन गोष्टींचा भरवसा नसतो, लाइट आणि नेटवर्क. तरीही गेली काही वर्षं मी उजळणीच्या तासाला मोफत ऑनलाइन क्विझ वापरते. आज त्यातल्या एकाच तासाबद्दल बोलणार आहे. तो आधी कसा फसला, मग तो पुन्हा कसा आखला, आणि स्क्रीनवरचे गुण बघून मी स्वतः कशी फसले, हे सगळं सांगते. तुमच्यापैकी बरेच जण बीएड करताय, कुणी गावात शिकवणी घेताय, कुणी घरी धाकट्या भावंडांचा अभ्यास घेताय. त्या सगळ्यांना हे उपयोगी पडेल.

गुण भरपूर, पण कुणाचे?

धडा होता ‘बल व दाब’. घटक चाचणी दोन आठवड्यांवर आली होती. शाळेत दहा टॅब होते आणि वर्गात मुलं 31. म्हणजे तीन-तीन मुलांना एक टॅब, आणि एका गटात चार. मी टाइमरवालं एक क्विझ अ‍ॅप निवडलं. प्रत्येक प्रश्नाला वीस सेकंद, जो लवकर उत्तर देईल त्याला जास्त गुण, आणि दर प्रश्नानंतर भिंतीवर गुणफलक. प्रश्न मी रात्री बसून तयार केले. खरं सांगायचं तर अर्धे प्रश्न दुसऱ्या कुणी तरी आधीच बनवून ठेवलेल्या क्विझमधून उचलले.

वर्गात काय धमाल आली म्हणून सांगू! आरडाओरडा, टाळ्या, बाकावर उभं राहणं. बहुतेक गटांना दहापैकी आठ-नऊ गुण. तास संपल्यावर मुलं म्हणाली, “मॅडम, परत एकदा!” मी परत एकदा घेतलं, तेच प्रश्न. या वेळी दहापैकी दहा. मी खूश. धडा पक्का झाला असं समजून पुढे गेले.

मग चाचणी झाली. त्यात प्रश्न होता, द्रवाचा दाब खोलीवर अवलंबून असतो हे उदाहरण देऊन स्पष्ट करा. 31 पैकी आठ जणांना नीट लिहिता आलं. बाकीच्यांनी दाबाचं सूत्र लिहून सोडून दिलं होतं किंवा जागा कोरी ठेवली होती.

त्या आठ पेपरांतला सगळ्यात चांगला पेपर तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीचा होता. तिचा गट क्विझमध्ये शेवटून दुसरा आला होता. गुणफलक बघून मी तिच्या नावापुढे ‘लक्ष द्यायला हवं’ असं लिहून ठेवलं होतं. पेपर बघितल्यावर तिला बोलावलं आणि विचारलं, “तुला तर सगळं येत होतं, मग त्या दिवशी काय झालं?” ती म्हणाली, “मॅडम, मी विचार करत होते तोवर वेळ संपायचा. आणि टॅब माझ्या हातात नव्हता.”

ती वही मी लगेच उघडली आणि तो शेरा खोडला. पण मग वाटलं, तिच्याबद्दल गुणफलक चुकला असेल, तर बाकीच्या 30 जणांबद्दल तो बरोबर होता हे कशावरून?

नेमकं काय बिघडलं होतं?

त्या संध्याकाळी मी कागद घेऊन बसले. चार गोष्टी सापडल्या.

पहिली साधी आहे. तिघांत एक टॅब म्हणजे उत्तर एका बोटाचं. ज्याच्या हातात टॅब, त्याचं ज्ञान तिघांच्या नावावर जमा होतं.

दुसरी गोष्ट टाइमरची. वीस सेकंदांत मूल विचार करत नाही, ओळखीचा शब्द शोधतं. 2018 मध्ये पाब्लो डेलगादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचनावरच्या 54 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. कागदावर वाचलेलं स्क्रीनवर वाचलेल्यापेक्षा थोडं बरं समजतं, आणि वेळेचं बंधन असेल तर हा फरक वाढतो, असं त्यातून दिसलं. मी मात्र स्क्रीन आणि घाई, दोन्ही एकत्रच दिल्या होत्या.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. उत्तर ओळखणं वेगळं आणि उत्तर आठवणं वेगळं. चार पर्याय समोर असले की मुलाला फक्त ओळखायचं असतं. चाचणीच्या कोऱ्या कागदावर पर्याय नसतात, तिथे आतून काढावं लागतं. माझ्या क्विझने ओळखण्याचा सराव दिला आणि परीक्षेने आठवायला सांगितलं. शिवाय दुसऱ्या फेरीत तेच प्रश्न त्याच क्रमाने आले, तेव्हा मुलांना विज्ञान नव्हे तर ‘तिसऱ्या प्रश्नाचं निळं बटण’ पाठ झालं होतं.

चौथी चूक पर्यायांची. मी उचललेल्या प्रश्नांमध्ये बरोबर पर्याय बहुतेक वेळा सगळ्यात लांब होता, आणि चुकीचे पर्याय इतके वेडगळ की न शिकलेलं मूलही ते बाद करेल. अशा प्रश्नाला बरोबर उत्तर आलं तर त्यातून शिक्षकाला काहीच कळत नाही. साधा हिशेब करा. चार पर्यायांचे दहा प्रश्न असतील, तर डोळे मिटून बटणं दाबली तरी सरासरी अडीच गुण मिळतात. प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय वेडगळ असतील, तर तेच पाच होतात. म्हणजे दहापैकी पाच गुण मिळवणाऱ्या मुलाला कदाचित काहीच येत नसेल.

म्हणून क्विझ सोडून द्यायचं का? नाही. स्वतःला प्रश्न विचारून आठवणं ही उजळणीची चांगली पद्धत आहेच. रोडिजर आणि कार्पिक या दोन संशोधकांचा 2006 चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. लक्षात घ्या, त्या प्रयोगात मुलांनी पर्याय निवडले नव्हते, कोऱ्या कागदावर लिहिलं होतं. तिथून मला नव्या तासाचा धागा मिळाला. आधी कागद, मग पर्याय, मग पुन्हा कागद.

आधी प्रश्न, मग अ‍ॅप

पुढच्या वर्षीच्या आठवीसाठी मी उलटं सुरू केलं. कुठलं अ‍ॅप वापरायचं हे ठरवण्याआधी आदल्या वर्षीचे पेपर काढले आणि चुकीची उत्तरं वाचली. त्यात खजिना होता. मुलं उगाच चुकत नाहीत, त्यांच्या डोक्यात काहीतरी एक समज असतो. तो समज हाच तुमचा चुकीचा पर्याय.

अख्ख्या धड्यातून मी फक्त तीन कल्पना निवडल्या. एक, तेच बल कमी क्षेत्रफळावर पडलं तर दाब जास्त. दोन, द्रवाचा दाब खोलीवर ठरतो. तीन, पाण्यात वस्तूचं वजन कमी भासतं ते प्लावक बलामुळे. 40 मिनिटांच्या तासात यापेक्षा जास्त होत नाही. दहा प्रश्न घाईघाईने घेण्यापेक्षा तीन प्रश्न खोलात घेतलेले बरे.

दुसऱ्या कल्पनेवरचा प्रश्न सांगते. मनात उत्तर ठरवा.

मुळशी धरणाच्या जलाशयात एके ठिकाणी पाणी बरोबर 10 मीटर खोल आहे. शेजारच्या गावातल्या एका अरुंद विहिरीतही पाणी 10 मीटर खोल आहे. तळाशी पाण्याचा दाब कुठे जास्त?

अ) जलाशयात, कारण तिथे पाणी जास्त आहे.
ब) विहिरीत, कारण तिथे जागा अरुंद आहे.
क) दोन्हीकडे सारखा, कारण खोली सारखी आहे.
ड) तळाचं क्षेत्रफळ कळल्याशिवाय सांगता येणार नाही.

ठरवलंत? बरोबर उत्तर क. तळाशी पाण्यामुळे येणारा दाब म्हणजे खोली गुणिले पाण्याची घनता गुणिले गुरुत्व त्वरण. 10 गुणिले 1000 गुणिले 9.8, म्हणजे 98,000 पास्कल. या हिशेबात जलाशय किती पसरलाय हे कुठेच येत नाही.

आता चुकीचे पर्याय बघा. ‘अ’ निवडणारं मूल दाब आणि एकूण वजन यांची गल्लत करतंय. ‘ब’ निवडणारं मूल पहिली कल्पना, म्हणजे कमी क्षेत्रफळ तर जास्त दाब, नको तिथे लावतंय. ‘ड’ निवडणाऱ्या मुलाला दाबाचं सूत्र पाठ आहे, म्हणून ते क्षेत्रफळ शोधत बसतं. तळ मोठा झाला की त्यावरच्या पाण्याचं वजनही त्याच प्रमाणात वाढतं, हे त्याच्या लक्षात आलेलं नाही. प्रत्येक चुकीचं उत्तर मला वेगळी बातमी देतं. चारही पर्यायांची लांबी साधारण सारखी ठेवलीय, आणि ‘वरीलपैकी सर्व’ असला पर्याय घेतलेला नाही, कारण पर्यायांचा क्रम बदलला की ‘वरीलपैकी’ला अर्थच उरत नाही.

घरी फॉर्म, वर्गात कार्ड

आता साधनं. मी दोनच वापरते. दोन्ही मोफत चालतात.

पहिलं गूगल फॉर्म्स, तासाच्या आदल्या संध्याकाळी घरी सोडवायला. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये `forms.google.com` उघडायचं, नवा फॉर्म घ्यायचा, `Settings` मध्ये जाऊन `Make this a quiz` चालू करायचं. मग प्रत्येक प्रश्नाच्या `Answer key` मध्ये बरोबर उत्तर आणि गुण भरायचे. प्रश्नाच्या तीन ठिपक्यांत `Shuffle option order` मिळेल, ते चालू करा, म्हणजे प्रत्येकाला पर्याय वेगळ्या क्रमाने दिसतील.

इथे मी ठेच खाल्लीय ती सांगते. पहिल्या वर्षी मी मुलांना फॉर्म भरल्याबरोबर उत्तरं दिसू दिली. पहिल्या मुलाने भरलं, स्क्रीनशॉट काढला, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. रात्री नऊपर्यंत सगळ्यांना पैकीच्या पैकी! म्हणून आता त्याच `Settings` मध्ये `Missed questions`, `Correct answers` आणि `Point values` हे तिन्ही मी बंद ठेवते. उत्तर वर्गात कळेल. गुण नंतर पाठवायचा दुसरा पर्यायही तिथेच आहे, पण त्यासाठी प्रत्येकाचा ईमेल गोळा करावा लागतो, आणि आठवीच्या बऱ्याच मुलांकडे स्वतःचा ईमेल नसतो.

दुसरी गोष्ट, `Limit to 1 response` मी चालू करत नाही. ते चालू केलं की गूगल खात्यातून साइन-इन करावं लागतं. आमच्याकडे घरात एकच फोन, तो वडिलांचा, खातंही वडिलांचं. त्यावर माझ्या वर्गातली जुळी भावंडं सोडवणार असतील तर दुसऱ्याला फॉर्म उघडतच नाही. त्याऐवजी सुरुवातीला हजेरी क्रमांकाची यादी देते, त्यातून स्वतःचा क्रमांक निवडायचा. एकाच क्रमांकाची दोन उत्तरं आली तर पहिलं धरते. मुलाचा फोन नंबर, पत्ता असलं काही मागत नाही. उजळणीला त्याची गरजच काय?

तिसरी गोष्ट मला फार कामाची वाटली. प्रत्येक प्रश्नाखाली मी एक छोटा प्रश्न जोडते, ‘तुला किती खात्री आहे?’ उत्तरं दोनच, ‘नक्की’ आणि ‘अंदाजाने’. या प्रश्नाला गुण नाहीत. बरोबर पण अंदाजाने असं उत्तर म्हणजे अजून शिकवायचं राहिलंय. चूक आणि नक्की असं उत्तर आलं, तर उद्याचा तास तिथूनच सुरू करायचा.

फॉर्ममध्ये प्रश्न फक्त तीनच. पाच-सात मिनिटांत फोन खाली ठेवता आला पाहिजे. फोनवर जास्त वेळ राहिलं की वर नोटिफिकेशन येते, मग रील येते, आणि अभ्यास कधी संपला हे कळतही नाही. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीही आत्ता फोनवरच आहात! आकृती असेल तर ती मी वहीत काढायला सांगते, कारण चार इंचाच्या स्क्रीनवर बाणांची टोकं दिसत नाहीत आणि मूल समजल्यासारखं करून पुढे जातं.

ज्यांच्या घरी फोन नाही किंवा रेंज नाही, त्यांना तेच तीन प्रश्न कागदावर देते. त्या दिवशी नऊ मुलांनी कागदावर सोडवले होते. त्यांची उत्तरं मी सकाळी स्वतः भरली. हे केलं नाही तर तुमचा निकाल वर्गाचा नसतो, फोनवाल्यांचा असतो.

दुसरं साधन प्लिकर्स, वर्गात वापरायला. यात मुलांच्या हातात फोन लागत नाही, फोन फक्त माझ्याकडे. त्यांच्या साइटवरून कार्डं छापून घ्यायची. प्रत्येक कार्डावर वेगळा चौकोनी नमुना असतो आणि चार कडांना ए, बी, सी, डी ही बारीक अक्षरं. मूल आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरतं, मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते, कुणी काय निवडलं ते मला दिसतं. कार्डांचे नमुने वेगवेगळे असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून उत्तर देणं कठीण जातं. प्रत्येक मुलाचं उत्तर त्याचंच राहतं. दहा टॅबांनी जे जमलं नव्हतं ते 31 कागदांनी जमलं.

दोन सूचना. कार्ड चकचकीत लॅमिनेट करू नका, खिडकीचा उजेड पडला की कॅमेऱ्याला नमुना वाचता येत नाही. जाडसर साधा कागद पुरतो. आणि बोटं कडेला धरायला शिकवा, नमुन्यावर आली की त्या मुलाचं उत्तर येतच नाही. मोफत योजनेत किती प्रश्न, किती मुलं चालतात याच्या मर्यादा प्रत्येक अ‍ॅपच्या वेगळ्या असतात आणि बदलतात, म्हणून आदल्या दिवशी एकदा उघडून बघा. आणि नेट गेलं तर? तर डोळे मिटायचे आणि छातीजवळ बोटं दाखवायची, ‘अ’ला एक, ‘ब’ला दोन. मी फळ्यावर मोजते. नेट गेलं म्हणून तास जाऊ द्यायचा नाही.

तो 40 मिनिटांचा तास

पहिली सहा मिनिटं वही. पुस्तक बंद. “दाबाबद्दल आठवतं ते सगळं लिहा.” चूक झाली तरी खोडायचं नाही. वर्ग शांत. काहींनी दोन ओळी लिहिल्या, काहींनी पान भरलं.

मग चार मिनिटं मत देणं. धरणाचा प्रश्न मी फळ्यावर लिहिला, दोनदा वाचला, आणि एक मिनिट कुणीही बोलायचं नाही असं सांगितलं. टाइमर नाही. मग कार्डं वर. निकाल असा आला. ‘अ’ला 17, ‘ब’ला 4, ‘क’ला 3, ‘ड’ला 7. बरोबर उत्तर 31 पैकी तिघांचं! आणि आदल्या रात्रीच्या फॉर्ममध्ये ‘अ’ निवडलेल्यांतल्या बहुतेकांनी खात्री ‘नक्की’ अशीच लिहिली होती.

निकाल मी त्यांना दाखवला नाही. स्क्रीनवर 17 चा उंच खांब दिसला की उरलेले तिकडे पळतात. मी एवढंच म्हणाले, “वर्गात मतं वेगवेगळी आहेत. शेजाऱ्याला पटवून द्या.” चार मिनिटं नुसता गलका.

त्यानंतर बारा मिनिटं प्रयोग. तुमच्या गावात घर बांधताना गवंडी पाण्याची लेव्हल बघतात, ती पारदर्शक नळी आठवते? तीच नळी आणली, करंगळीएवढी जाड. एक टोक पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवलं, नळी पूर्ण पाण्याने भरून घेतली आणि दुसरं टोक बादलीबाहेर काठापेक्षा उंच धरलं. बादलीत 15 लिटर पाणी, नळीत कपभर. विचारलं, “जास्त पाणी जास्त दाब देत असेल, तर काय व्हायला हवं?” मागून एक मुलगा ओरडला, “मॅडम, नळीतलं पाणी वर उडायला पाहिजे!” बरोबर. बादलीतल्या पाण्याने नळीतल्या पाण्याला ढकलून वर चढवायला हवं. मी नळी हळूहळू खाली-वर केली. प्रत्येक वेळी दोन्ही पातळ्या सारख्या. 15 लिटर आणि कपभर, दोघांचा जोर बरोबरीचा, कारण खोली सारखी.

एक काळजी घ्या. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळ्या सारख्या दिसत नाहीत, आणि मुलं उलटाच धडा घेऊन घरी जातात. प्रयोग आधी स्वतः करून बघा.

पुन्हा कार्डं वर. ‘अ’ला 4, ‘ब’ला 1, ‘क’ला 24, ‘ड’ला 2. आता मात्र दोन्ही निकाल शेजारी-शेजारी दाखवले आणि ‘अ’, ‘ब’, ‘ड’ का चूक हे एकेक करून बोललो. ही पायरी गाळू नका. पर्यायांच्या प्रश्नांचा हा एक धोका आहे की चुकीचा पर्याय वाचून, निवडून तोच डोक्यात राहतो. तो चूक आहे हे त्याच तासात स्पष्ट सांगितलं की धोका कमी होतो. नुसतं ‘उत्तर क’ म्हणून पुढे गेलं तर नाही.

पहिल्या आणि तिसऱ्या कल्पनेचे प्रश्न आदल्या रात्री बहुतेकांना जमले होते, ते सहा मिनिटांत आवरले. शेवटची पाच मिनिटं पुन्हा कागद. फोन नाही, कार्ड नाही, पर्याय नाहीत. “धरणाची भिंत खाली जाड का असते? दोन-तीन ओळींत लिहून कागद देऊन जा.”

कागद मी स्टाफरूममध्ये वाचले. कार्डावर 24 जण बरोबर होते, पण कागदावर खोलीचं कारण 15 जणांनीच नीट लिहिलं होतं. काही जणांनी लिहिलं, ‘कारण खाली पाणी जास्त असतं.’ म्हणजे बटण बदललं, समज बदललाच होता असं नाही. ही तफावत मला फक्त कागदामुळे दिसली. एका मुलाने लिहिलं होतं, भिंत जड असली तरच पाणी तिला ढकलू शकत नाही. तेही खोटं नाही. दगडी धरण आपल्या वजनाने उभं राहतं, आणि रुंद पाया त्यासाठीही लागतो. त्याला मी पूर्ण गुण दिले आणि खोलीबद्दल एक ओळ वाढवायला सांगितली.

दहा दिवसांनी

उजळणी खरी झाली की नाही हे त्याच दिवशी कळत नाही. म्हणून दहा दिवसांनी, न सांगता, एक प्रश्न विचारला. धरण नाही, विहीर नाही. तुम्हीही सोडवा.

गच्चीवरची 500 लिटरची टाकी काढून 1000 लिटरची बसवली. टाकीतली पाण्याची पातळी जमिनीपासून पहिल्याइतक्याच उंचीवर आहे. खालचा नळ बंद असताना नळापाशी पाण्याचा दाब वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? कारण लिहा.

पर्याय नाहीत, कागदावर. त्या दिवशी 29 मुलं हजर होती. ‘तेवढाच’ आणि कारण बरोबर, असं 21 जणांचं आलं. उरलेल्या आठ जणांना मी मधल्या सुट्टीत बादली आणि नळी पुन्हा दिली, या वेळी नळी त्यांच्या हातात.

नव्या प्रसंगात प्रश्न विचारणं हा मुद्दा लक्षात ठेवा. तोच धरणाचा प्रश्न पुन्हा विचारला असता तर 29 पैकी 29 आले असते, आणि मी पुन्हा एकदा खूश होऊन फसले असते.

टाइमर आणि गुणफलक मी अजूनही कधीतरी लावते. सुट्टीच्या आदल्या दिवशी, मजेसाठी, गुण वहीत न घेता. कुणाला किती येतं हे ठरवायला ते वापरत नाही. तिसऱ्या बाकावरची ती मुलगी आता दहावीत आहे. तिच्या नावापुढची खोडलेली ओळ माझ्या जुन्या वहीत अजून आहे, आणि नवं क्विझ बनवायला बसले की ती वही मी शेजारी ठेवते.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुम्ही शिकवत असाल तर आज रात्री दहा प्रश्न बनवू नका, एकच बनवा. तीन चुकीच्या पर्यायांपुढे कंसात लिहा, हा निवडणाऱ्या मुलाच्या डोक्यात नेमकं काय असेल. ज्या पर्यायापुढे काहीच लिहिता येणार नाही, तो काढून टाका. पुढच्या भागात तिसरी कल्पना, पाण्यात दगड हलका का लागतो, आणि त्यावर मुलं कुठे अडतात ते बघू. तोवर, आता फोन जरा खाली ठेवा!